आई बुटकी असेल तर बाळाचा आकार आणि डिलिव्हरी यांचा अंदाज कसा घ्यायचा

लेबर रूममध्ये वर्षानुवर्षं काम केल्यावर एका वाक्याचा मला फार वैताग येतो, "उंची कमी आहे ना, मग सिझरच." उंची ही फक्त धोक्याची घंटा आहे, निकाल नाही. कसं बघायचं ते सांगते, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

पहिल्याच तपासणीत चप्पल काढून, टाचा भिंतीला लावून उंची मोजून घ्या. 145 सेंमीपेक्षा कमी भरली तर डिलिव्हरी सिझरची सोय असलेल्या ठिकाणीच ठरवायची, यावर वाद नको. चपलेच्या नंबरवरून किंवा कंबर रुंद दिसते म्हणून बाळ बाहेर यायचा हाडांमधला आतला रस्ता मोठा असं काही नसतं.

आता बाळाचं. बुटक्या आईचं बाळ सरासरीने थोडं लहानच असतं कारण पोटातली वाढ बरीचशी आईच्या मापाने होते. 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी अवाढव्य शायर घोडे आणि छोटे शेटलंड पोनी यांचा संकर केला, तर पोनी आईच्या पोटातलं शिंगरू शायर आईच्या शिंगरापेक्षा खूपच लहान जन्मलं, बाप कितीही दांडगा असला तरी. माणसातही बापाची उंची दिसते ती जास्त करून जन्मानंतर. म्हणून अडीच किलोचं बाळ बुटक्या आईला अगदी ठणठणीत असू शकतं. पण लहान असणं वेगळं आणि वाढ थांबणं वेगळं, त्यासाठी निदान दोन आठवड्यांच्या अंतराने दोन सोनोग्राफी शेजारी ठेवून वाढ चालू आहे का ते बघतात. एका आकड्यावर घाबरू नका, सोनोग्राफीतल्या वजनात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतंच. आणि बाळ लहान राहावं म्हणून कमी खा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, त्याने रस्ता मोठा होत नाही, बाळ मात्र अशक्त होतं. उलट शुगर वाढलेली असेल तर बाळ आईच्या मापाबाहेर वाढू शकतं, तिथे खरी काळजी.

आता खरी अवघड पायरी, बाळाचं डोकं त्या रस्त्यात बसतंय का हे ओळखणं, सुरुवातीला माझ्या हाताला हे कळायचंच नाही. हे कळा सुरू झाल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, कारण कळांमध्ये डोकं वाकतं, कवटीची हाडं थोडी एकमेकांवर सरकतात, आईचे सांधेही सैल असतात. लघवी करायला लावून मग पोटावरून, ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या वर डोकं किती बोटं लागतंय ते बघायचं. पाचही बोटं म्हणजे अजून वरच, दोन किंवा कमी म्हणजे डोकं आत बसलं.

समजा 142 सेंमी उंची, पहिलं बाळ, सोनोग्राफीत पावणेतीन किलो. गर्भपिशवीचं तोंड 5 सेंमी उघडलं तेव्हा डोकं चार बोटं वर. चार तासांनी 8 सेंमी आणि डोकं दोन बोटं, तर काहीही न करता थांबायचं, ही बाई नॉर्मल होण्याची शक्यता चांगली आहे. तीच बाई चार तासांनी 6 सेंमीवर, कळा जोरात आणि डोकं तरीही चार बोटं, तर हा रस्ता बहुतेक पुरत नाहीये.

इथे एक फसवणूक होते ती नीट लक्षात ठेवा. अडलेल्या डोक्याच्या कातडीला सूज येते आणि ती सूज खाली लोंबते, त्यामुळे आतून तपासणाऱ्याला वाटतं डोकं खाली आलं, नातेवाईकांना "आलंय आलंय" सांगितलं जातं आणि तास निघून जातात. पोटावरून मात्र डोकं तिथल्या तिथेच. मी आतल्या तपासणीपेक्षा पोटावरच्या हातावर जास्त विश्वास ठेवते. म्हणून "आतून किती" एवढंच नाही, "पोटावरून किती बोटं" हेही विचारा.

बाळाच्या कवटीची हाडं एकमेकांवर घट्ट चढलेली, लघवीत रक्त, पोटावर आडवी खाच दिसणं, बाळाचे ठोके बिघडणं, यातलं काहीही झालं तर वाट बघणं बंद. पहिलटकरणीत अडल्यावर कळा मंदावतात, मग कोणीतरी कळांचं औषध वाढवायला निघतं, आधी डोकं का उतरत नाही ते शोधा. आणि "आधीची नॉर्मल झालीये, ही पण होईल" म्हणणाऱ्यांपासून जपा, दुसरं बाळ मोठं असलं आणि अडलं तर अशा बाईच्या कळा थांबत नाहीत आणि गर्भपिशवी फाटू शकते.

सिझर ठरलं तर पुढचं काम डॉक्टरांचं.