उडी कुठे थांबते: मोठ्या एक्सेल शीटमधील Ctrl आणि बाण

आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एका व्यापाऱ्याचे वर्षभराचे विक्री रजिस्टर तपासण्यासाठी आले. पहिल्या ओळीत शीर्षके होती आणि त्याखाली 18,431 बिले, म्हणजे शेवटची नोंद 18432 व्या ओळीत होती. A स्तंभात बिल क्रमांक, F मध्ये रक्कम आणि G मध्ये कर. माउसचे चाक फिरवत खाली जाताना बोट दुखायचे, शिवाय हवी ती ओळ हमखास मागे सुटायची. ते पाहून शेजारच्या टेबलावरील वरिष्ठांनी Ctrl दाबून ठेवून खालचा बाण दाबायला सांगितले आणि मी A2 वरून थेट A18432 वर पोहोचलो. Shift जोडले की वाटेतील सर्व रकाने निवडले जातात, हेही त्यांनी सांगितले. ही उडी नेमकी कशावर थांबते, हे मात्र मी विचारले नाही.

F2 वर उभे राहून Ctrl + Shift + ↓ दाबले, खालच्या पट्टीवरील Sum टिपून घेतला आणि तो खतावणीशी जुळवू लागलो. आकडा कमी भरत होता. फरक इतका लहान होता की मी दोन दिवस बिलांमध्येच चूक शोधत राहिलो. वास्तविक 17905 व्या ओळीतील बिल रद्द झालेले होते आणि त्याची रक्कम कोणीतरी शून्य न लिहिता कोरी सोडली होती. त्यामुळे माझी निवड F17904 वर संपली आणि त्या कोऱ्या रकान्याखालची 527 बिले, म्हणजे मार्चच्या शेवटच्या दहा-अकरा दिवसांची विक्री, बेरजेबाहेर राहिली.

याचे कारण असे की ही उडी तक्त्याचा शेवट पाहत नाही, ती फक्त भरलेल्या आणि रिकाम्या रकान्यांमधील सीमा पाहते. तुम्ही भरलेल्या रकान्यात असाल आणि पुढचाही भरलेला असेल, तर ती सलग पट्ट्याच्या शेवटच्या भरलेल्या रकान्यावर थांबते; पुढचा रिकामा असेल, तर मधली पोकळी ओलांडून पुढच्या पहिल्या भरलेल्या रकान्यावर जाते; आणि पुढे काहीच नसेल, तर शीटच्या अगदी तळाशी, 1048576 व्या ओळीवर, जाऊन पडते. चारही बाणांना हाच नियम लागू आहे. उजवीकडे ही हद्द XFD स्तंभाची आहे.

हा नियम कळल्यावर उपायही त्यातूनच सापडतो. F2 वरून Ctrl + Shift + ↓ दाबत राहिल्यास निवडीचे टोक आधी F17904, मग F17906, मग F18432 आणि चौथ्यांदा थेट F1048576 वर जाते. आता Ctrl + Shift + ↑ एकदाच दाबावे. तळाकडून वर येताना भेटणारा पहिला भरलेला रकाना F18432 हाच असल्याने निवड बरोबर F2 ते F18432 होते. कोरे रकाने शेकड्यांनी असतील तर मात्र हा खटाटोप करू नये. A सारख्या कधीही कोऱ्या न राहणाऱ्या स्तंभात उडी मारून शेवटची ओळ पाहावी आणि डावीकडील नेम बॉक्समध्ये F2:F18432 असे टाइप करून एंटर दाबावे. दोन्ही वेळा खालच्या पट्टीवरील Count वाचण्याची सवय लावावी: A च्या निवडीत 18,431 आणि F च्या निवडीत 17,903 दिसले असते, तर माझे दोन दिवस वाचले असते.

याच शीटमध्ये उलट्या प्रकारचा चकवाही होता. G स्तंभात पुढील सूत्र होते आणि ते 20000 व्या ओळीपर्यंत ओढलेले होते:

```
=IF(F2="","",F2*18%)
```

G17905 डोळ्यांना कोरा दिसत होता, पण सूत्र असलेला रकाना एक्सेल रिकामा मानत नाही. म्हणून G मधील उडी तिथे न थांबता G20000 वर गेली, जिथे पाहण्यासारखे काहीच नव्हते. शंका आल्यास रकान्यावर जाऊन वरच्या सूत्रपट्टीत पाहावे. सूत्रांचे मूल्यांत रूपांतर करून ते चिकटवले असेल, तर सूत्रपट्टीही रिकामीच दिसते; अशा वेळी बाजूच्या मोकळ्या रकान्यात =ISBLANK(G17905) लिहावे. उत्तर FALSE आले, तर तो रकाना खरा कोरा नाही.

Ctrl + End बद्दलही नवख्यांचा गैरसमज होतो. ती उडी वापरात आलेल्या क्षेत्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर जाते, आणि त्या क्षेत्रात केवळ रंग किंवा चौकटी दिलेले रकानेही मोजले जातात. या रजिस्टरमध्ये कोणीतरी 25000 ओळींपर्यंत आखणी केली होती, त्यामुळे Ctrl + End मला शेवटच्या बिलाच्या साडेसहा हजार ओळी खाली नेत असे. त्या जादा ओळी निवडून नुसते Delete दाबल्याने आखणी जात नाही. ओळ क्रमांकांवर उजवी क्लिक करून ओळीच काढाव्या लागतात आणि मग फाइल सेव्ह करावी लागते. तसे केल्यावर Ctrl + End 18432 व्या ओळीवर थांबू लागले.