एसओपीचा पहिला पॅरा उडवला तेव्हा

पीएचडीच्या अर्जासोबतच्या एसओपीची, म्हणजे काय संशोधन करायचंय आणि का ते सांगणाऱ्या निवेदनाची, सुरुवात मी 'लहानपणापासून समुद्राची ओढ' अशी केलेली, रत्नागिरीचा म्हटल्यावर दुसरं काय सुचणार! सरांनी अख्खा पॅरा खोडला, म्हणाले, "तुझा प्रश्न काय ते सांग आधी."

मग थेट एमएस्सीच्या कामापासून सुरू केलं, की खाडीत चौकट टाकून तिसऱ्या, म्हणजे खातात त्या शिंपल्या, मोजल्या, पावसात त्या कमी झाल्या, पण खारटपणा उतरला म्हणून की गाळ साचला म्हणून ते कळेना, कारण दोन्ही एकदमच होतं. हे अपयश आधी लपवलेलं, आता तोच मधला मोठा पॅरा, आणि त्यातूनच पुढचा प्लॅन निघाला, टाकीत गाळ न घालता फक्त खारटपणा कमी करून बघायचा. गाइडचं नाव त्यानंतर, त्यांच्या लॅबमध्ये अशा टाक्या आहेत म्हणून. मार्कांना एकच ओळ, ते मार्कशीटवर असतातच ना.