विटांच्या भिंतीवरील स्टिकर छायाचित्रातून काढताना सांधे कसे जपावेत

सपाट रंगाच्या भिंतीवरचा डाग पुसणे सोपे असते. खरी अडचण येते ती विटा, फरशा किंवा छापील वॉलपेपर मागे असतो तेव्हा. बहुतेक जण अशा वेळी थेट डाग भरून काढणारे साधन फिरवतात आणि स्टिकरच्या जागी विटांचे सांधे वितळल्यासारखा एक पुसट पट्टा उरतो. पुढील कृती GIMP या मोफत प्रोग्रामसाठी लिहिली आहे. उदाहरण म्हणून समोरून टिपलेली, गिलावा न केलेली विटांची भिंत घेऊ. तिच्यावर तळहाताएवढा स्टिकर असून त्याखाली दोन विटांचे काही भाग, त्यांच्यामधला उभा सांधा आणि खालचा आडवा सांधा झाकला गेला आहे.

फराटा का उमटतो, हे आधी समजून घ्यावे. `Heal` हे साधन स्रोताच्या जागेचा पोत उचलते, पण रंगाची छटा मात्र ज्या जागी ब्रश फिरतो तिच्या भोवतालाशी जुळवून घेते. त्यामुळे ब्रशच्या कडेला स्टिकरचा पांढरा तुकडा किंवा गडद सांधा आला, की तो रंग आत झिरपतो. `Clone` अशी जुळवणी करत नाही, ते जसेच्या तसे उतरवते. म्हणून आधी `Clone` वापरून सांधे आणि विटांच्या कडा पुन्हा बसवाव्यात आणि छटेची किरकोळ तफावत उरलीच, तर ती शेवटी `Heal` वापरून मिटवावी.

मूळ चित्रावर एक नवा पारदर्शक थर घ्यावा, `C` दाबून `Clone` निवडावे आणि त्याच्या पर्यायांत `Sample merged` वर खूण करावी, म्हणजे मूळ चित्राला हात न लावता सगळे काम वरच्या थरावर होईल. `Alignment` मध्ये `Aligned` निवडावे. तेथे `None` असेल, तर प्रत्येक फटकाऱ्याला स्रोत पुन्हा पहिल्या जागी जातो आणि सांधा तुटतो. ब्रश विटेच्या उंचीच्या सुमारे निम्मा असावा आणि `Hardness` 75 च्या आसपास ठेवावा. अगदी मऊ ब्रशच्या कडेला दोन पोत एकमेकांत मिसळतात, कॅमेऱ्याचे बारीक कण नाहीसे होतात आणि दुरुस्तीभोवती धूसर कडे दिसू लागते.

आता स्रोत कोठून घ्यावा, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. नेहमीच्या बांधणीत विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा अर्ध्या विटेने सरकलेला असतो. म्हणून बरोबर एक थर वर जाऊन नमुना घेतला, तर उभा सांधा विटेच्या मधोमध येऊन पडतो. त्याच थरात एक पूर्ण वीट बाजूला सरकावे किंवा दोन थर वर अथवा खाली जावे. उभा आणि आडवा सांधा मिळतात, तो कोपरा चित्र 200 टक्के मोठे करून शोधावा आणि `Ctrl` दाबून त्यावर क्लिक करावे. मग स्टिकरच्या जागी तसाच कोपरा जेथे यायला हवा, तेथून पहिला फटकारा सुरू करावा. कोपरा झाकलेला असल्यास स्टिकरच्या बाहेर दिसणारे सांधे मनातल्या मनात पुढे वाढवून त्याची जागा ठरवता येते. पहिला फटकारा बाहेरच्या सांध्याशी सरळ जुळला, तर पुढचे सारे आपोआप जुळते. एखादा पिक्सेल जरी खाली-वर झाला, तरी `Ctrl+Z` करून, `Ctrl` दाबून त्याच कोपऱ्यावर पुन्हा क्लिक करावे आणि नव्याने सुरुवात करावी. स्टिकरच्या कडेबाहेरचेही तीन-चार पिक्सेल झाकावेत, कारण तेथे त्याची बारीक सावली आणि जेपीईजी फाइलमधली किनार लपलेली असते.

विटेचा उडालेला टवका शेजारी-शेजारी दोनदा दिसू लागला, तर चोरी उघडी पडते. तेवढ्या भागासाठी दुसऱ्या विटेवरून नमुना घ्यावा.

भिंतीवर उजेड एका बाजूने पडत असेल, तर आणलेली वीट शेजारच्या विटेपेक्षा उजळ दिसेल. अशा वेळी `Layer` मेन्यूतील `New from Visible` वापरून एकत्रित थर तयार करावा आणि त्यावर `H` दाबून `Heal` घ्यावे. ब्रश लहान ठेवून तो विटेच्या पोटातच फिरवावा, सांध्याला स्पर्श होऊ देऊ नये.

तपासणीसाठी चित्र 25 टक्क्यांपर्यंत लहान करून पाहावे आणि नंतर आडवे उलटे करून पुन्हा पाहावे. सरावलेल्या नजरेतून सुटलेला वाकडा सांधा उलट्या चित्रात चटकन दिसतो.

छायाचित्र तिरप्या कोनातून घेतले असेल, तर बाजूची वीट लहान-मोठी होत जाते. तेथे `Perspective Clone` घ्यावे, `Modify Perspective` निवडून चार कोपरे भिंतीवरच्या एखाद्या आयताला जुळवावेत, मग पर्यायांत पुन्हा `Perspective Clone` निवडावे आणि त्यानंतरच नमुना उचलावा. मात्र स्टिकरमागे भित्तिचित्र असेल आणि तो भाग दुसरीकडे कोठेच नसेल, तर यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. त्याच भिंतीचे दुसरे छायाचित्र मिळवून तेवढा तुकडा वेगळ्या थरावर बसवावा लागतो.