पगारवाढीचा मेसेज: या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत फेब्रुवारी उजाडला की पोरं मोबाइल पुढं करतात : "दादा, साहेबांना पाठवू का बघा की." आणि दर वेळी तोच मेसेज असतो.

"आदरणीय सर, सविनय विनंती की मी गेली चार वर्षे प्रामाणिकपणे व निष्ठेने काम करत आहे. वाढती महागाई, घराचा हप्ता व आईच्या आजारपणाचा खर्च पाहता सध्याचा पगार अपुरा पडतो. तरी माझ्या पगाराचा सहानुभूतीपूर्वक योग्य तो विचार व्हावा, ही नम्र विनंती."

क्वालिटीतल्या एका पोरानं हा मेसेज न दाखवताच पाठवला. साहेब माणूस चांगला. त्यांनी तो एचआरकडं पाठवला आणि दोन दिवसांत त्याला उचल मंजूर झाली. वाढ नव्हे, उचल! पुढच्या महिन्यापासून तिचा हप्ता पगारातून कापायला लागले आणि हातात येणारी रक्कम आधीपेक्षा कमी झाली. यात साहेबांची काय चूक? मेसेजमध्ये अडचण लिहिली होती, त्यांनी अडचणीवरचा उपाय केला. घरचा खर्च खरा असतो, पण पगार ठरतो कामावर. म्हणून मी हप्ता, लग्न, आजारपण सगळं आधी खोडायला लावतो.

खोडल्यावर उरतं काय? बहुतेकांचं "प्रामाणिकपणे" एवढंच उरतं, आणि खरं काम मेसेजात आलेलंच नसतं. या पोराला मी विचारलं, तुला घेतलं तेव्हा काय काम होतं आणि आज काय करतोस? घेतलं होतं कास्टिंग तपासायला. जूनपासून रात्रपाळीचं सँड टेस्टिंगही त्याच्याकडं आलं होतं, कस्टमरच्या तक्रारींचे रिपोर्टही तोच करत होता. वाळूतला ओलावा दर दोन तासांनी मोजून तो वहीत लिहायचा आणि वाढला की मिक्सरवाल्याला लगेच थांबवायचा. कास्टिंगमध्ये वायूच्या पोकळ्या, म्हणजे ब्लो होल, राहिल्यामुळं होणारं रिजेक्शन ६ टक्क्यांवरून ४ वर आलं होतं. हे त्याच्या मेसेजात कुठंच नव्हतं!

पण इथंही एक जपायचं. "मी रिजेक्शन कमी केलं" असं लिहू नका. त्याच काळात वाळू बदलली असेल, पॅटर्न दुरुस्त झाला असेल, आणि साहेबांना ते ठाऊक असतं. तुम्ही हातानं काय केलं ते सांगा, आकडा शेजारी ठेवा. जोडायचं ते साहेब जोडतील.

"योग्य तो विचार" हे तीन शब्द मला अजिबात चालत नाहीत. आकडा लिहायला लाज वाटते म्हणून माणूस ते लिहितो, आणि मग पाचशे रुपये वाढले की वर्षभर कुढत बसतो. आकडा लिहा, आणि तो ग्रॉसचा की हातात येणारा तेही लिहा. ग्रॉस ४,००० नं वाढला, सगळी वाढ मूळ पगारात धरली आणि पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापत असतील, तर १२ टक्क्यांनी ४८० तिकडं जातात आणि हातात ३,५२० पडतात.

मग आम्ही मेसेज असा केला :

"साहेब, नमस्कार. एप्रिलच्या वाढीची यादी वर जायच्या आधी माझ्या पगाराबद्दल बोलायचं होतं. जूनपासून रात्रपाळीचं सँड टेस्टिंग आणि तक्रारींचे रिपोर्ट मी बघतोय, पगार मात्र फक्त इन्स्पेक्शनचा होता तोच आहे. आता ग्रॉस २६,००० आहे, तो ३०,००० व्हावा असं मला वाटतं. बुधवारी जेवणानंतर दहा मिनिटं मिळतील का? ओलाव्याची वही आणि रिजेक्शनचे आकडे घेऊन येतो."

साहेबांशी तो रोज असंच बोलतो, म्हणून हे त्याचं वाटतं. नेटवरचा तयार मसुदा उचलून फक्त नाव बदलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. स्वतःच्या कामाबद्दल पाच ओळी लिहायला अर्धा तास काढवत नसेल, तर साहेबांनी तरी का काढावा?

बाकीचं थोडक्यात. शेजारच्याचा पगार काढू नका. दुसरीकडची ऑफर हातात नसताना तिचं नाव घेऊ नका. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या धांदलीत पाठवू नका. नोकरीला लागून आठच महिने झाले असतील आणि कामात काही बदललं नसेल तर थांबा.

बुधवारी पाठ केलेलं भाषण नको. आकडा सांगून गप्प बसा. त्या शांततेला घाबरून "नाही जमलं तरी चालेल" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांचं नाहीच जमत. साहेब म्हणाले, "यंदा बजेट नाही," तर वाद घालू नका. "मग कधी बोलूया, आणि तोवर माझ्याकडून काय व्हायला हवं?" एवढं विचारा. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी लिहून पाठवा : "साहेब, आज ठरल्याप्रमाणं ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसू. तोवर दिवसपाळीचं सँड टेस्टिंगही मी सुरू करतो." साहेबांची बदली झाली, तर नव्या साहेबांना दाखवायला हाच मेसेज लागतो.