फरकातला फरक: पायाभूत वर्ष निवडताना या चुका टाळा

कार्यक्रमाच्या गटात झालेल्या बदलातून तुलनागटातला बदल वजा केला, की उरतो तो कार्यक्रमाचा परिणाम. 'डिफरन्स-इन-डिफरन्सेस'ची ही वजाबाकी सोपी आहे. पण ‘आधी’ म्हणून नेमकं कोणतं वर्ष धरलंय, इकडे फार कमी जण बघतात आणि अहवाल तिथेच फसतो.

समजा, वाचनाचा उपक्रम यंदा सर्वांत कमी गुण मिळालेल्या शाळांना दिला. त्यांची सरासरी ४१, तुलनागटाची ५५. वर्षभराने ५० आणि ५६. म्हणजे ९ वजा १, परिणाम ८ गुणांचा! आता आणखी दोन वर्षं मागे जा. उपक्रमाच्या शाळा दोन्ही वर्षी ४८वर होत्या, तुलनागट ५५वरच. निवडीच्या वर्षी त्या घसरल्या आणि घसरल्या म्हणूनच निवडल्या गेल्या. ती घसरण तात्पुरती असेल, तर त्या उपक्रमाशिवायही सावरल्या असत्या. ४८ हा पाया धरला तर परिणाम उरतो २ वजा १, फक्त १ गुण.

अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये रोजगार-प्रशिक्षणाच्या बाबतीत हेच दाखवलं होतं: प्रशिक्षणाला येणाऱ्यांची कमाई त्याआधीच्या वर्षात खाली गेलेली असते. या खड्ड्याला आज त्यांचंच नाव आहे.

खड्डा ओळखायला दोन गटांमधलं अंतर वर्षवार लिहून काढा. इथे ते ७, ७, १४, ६ असं येतं. तो १४ लगेच डोळ्यांत भरतो. शिवाय उपक्रम एक वर्ष आधीच सुरू झाला असं मानून तीच वजाबाकी करा. उत्तर शून्याच्या आसपास यायला हवं, इथे उणे ७ येतं. मात्र ही वजाबाकी करायला आधीच्या किमान दोन फेऱ्यांची आणि खड्डा नीट ओळखायला किमान तीन फेऱ्यांची आकडेवारी लागते. एकच फेरी हातात असेल तर ही तपासणी होऊच शकत नाही, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहायला हवं.

यावर अनेकांना सुचणारा उपाय मला जास्त धोक्याचा वाटतो: तुलनेसाठीही त्या वर्षी ४१ गुण असलेल्या शाळाच शोधणं. त्या एरवी ५५वर असणाऱ्या असतील आणि पुन्हा ५६वर गेल्या, तर त्यांची वाढ १५. मग ९ वजा १५, म्हणजे उपक्रमाने नुकसानच केलं असा निष्कर्ष निघतो! जोड्या लावायच्याच असतील तर एका वर्षाच्या गुणांवर नको, अनेक वर्षांच्या पातळीवर लावा.

निवडीचं वर्ष पायातून वगळणं मला बरं वाटतं, पण तेही डोळे मिटून नको. अनुभवी शिक्षक कायमचे गेल्यामुळे गुण पडले असतील, तर ती घसरण आपोआप भरून निघणार नव्हती आणि ४८चा पाया उपक्रमाचं श्रेय कापतो. म्हणून ८ आणि १ हे दोन्ही आकडे अहवालात द्या आणि त्या वर्षी शाळांमध्ये काय घडलं, ते मुख्याध्यापकांना विचारून शेजारीच लिहा.