ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय, पण ते खरं आहे का? तपासायचं कसं

२०२१ साली करोनाची दुसरी लाट आली तेव्हा पुण्यात घरोघरी ऑक्सिमीटर आले. ते आता औषधांच्या डब्यात पडून असतात आणि कुणाला दम लागला, चक्कर आली की बाहेर निघतात. बोटाला लावायचं, आकडा बघायचा, ९५ च्या वर असेल तर सुटकेचा श्वास घ्यायचा, अशी आपली सवय झाली आहे. हा आकडा कधी चुकतो हे प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असायला हवं. एक चूक तर अशी आहे की तीत आकडा सुंदर दिसतो आणि माणूस मरणाच्या दारात असतो. पुण्यातल्या हिवाळ्यात ती चूक घरातच होऊ शकते, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्यासाठी लिहिला आहे.

यंत्र नेमकं काय मोजतं

चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. समोरच्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं, ऑक्सिजन नसलेलं तो जास्त अडवतं. अवरक्त प्रकाशात याच्या उलट होतं. पण बोटात कातडी, हाड, शिरांमधलं रक्त असं सगळंच प्रकाश अडवतं. त्यातून धमनीतलं रक्त वेगळं काढायचं कसं? जपानमधले अभियंते ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकात याचं उत्तर सापडलं. प्रत्येक ठोक्याला जेवढा प्रकाश कमी-जास्त होतो तेवढाच धमनीतल्या रक्तामुळे होतो. बाकीचं स्थिर राहतं, ते सोडून द्यायचं. दोन्ही दिव्यांमधल्या या चढउताराचं गुणोत्तर काढलं जातं आणि यंत्रात साठवलेल्या तक्त्यावरून ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनचा टक्का ठरतो. हा तक्ता निरोगी माणसांचा ऑक्सिजन मुद्दाम थोडा कमी करून, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासून बनवतात. साधारण ७० टक्क्यांखाली कुणाला नेता येत नाही, म्हणून त्याखालचे आकडे अंदाजाचेच समजावेत.

म्हणजे यंत्र रक्तातला ऑक्सिजन थेट मोजत नाही, रक्ताचा रंग मोजतं. आणि सगळं ठीक असतानाही त्यात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडू शकतो. त्यामुळे काल ९७ होता, आज ९६ आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही.

आकडा घ्यायचा कसा

आधी माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्या. जिना चढून आल्या आल्या मोजू नका. हात गार असतील तर एकमेकांवर चोळून किंवा कोमट पाण्यात धरून ऊबदार करा. नेलपॉलिश पुसा, गडद निळं, हिरवं, काळं असेल तर नक्कीच. लग्नाची गडद मेंदी बोटाच्या पेरावर असेल तर कधी कधी यंत्राला प्रकाशच मिळत नाही. अशा वेळी मेंदी फिकी असलेलं दुसरं बोट शोधा. मधलं किंवा अंगठ्याजवळचं बोट चिमट्यात शेवटपर्यंत सरकवा, हात टेबलावर ठेवा, खिडकीतून थेट ऊन बोटावर येत असेल तर वर रुमाल टाका.

आता लगेच आकडा वाचू नका. अर्धा ते एक मिनिट थांबा आणि आकडा एका जागी स्थिरावू द्या. त्या वेळात दुसऱ्या हाताच्या मनगटाची नाडी स्वतः मोजा. स्क्रीनवर `SpO2` च्या जोडीला `PR` किंवा `PRbpm` अशी अक्षरं असतात, तो नाडीचा आकडा. तो आणि तुम्ही मोजलेली नाडी जुळायला हवी. तुम्हाला मिनिटाला ९० ठोके लागले आणि यंत्र ५५ दाखवत असेल, तर ते ठोके नीट पकडत नाही आणि मग त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्यालाही अर्थ नाही. बहुतेक यंत्रांवर उसळणारी पट्टी किंवा लाट असते. ती ठोक्याबरोबर सारखी वर-खाली व्हायला हवी. माझ्या मते ही जुळवणीच या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमकी तीच बहुतेक लोक करत नाहीत.

थरथरणाऱ्या हातावर आकडा बऱ्याचदा ८५ च्या आसपास घुटमळतो. त्यालाही कारण आहे. बोट हललं की दोन्ही दिव्यांचा प्रकाश सारखाच कमी-जास्त होतो, गुणोत्तर एक होतं, आणि तक्त्यात एकच्या समोर साधारण ८५ लिहिलेलं असतं. त्यामुळे थंडी वाजून कुडकुडणाऱ्या किंवा हातकंप असलेल्या माणसाचा ८५ पाहून हबकण्याआधी हात धरून पुन्हा मोजा. मात्र नाडी जुळते, लाट स्वच्छ आहे, दुसऱ्या बोटावरही ८५ च येतो, तर तो खरा समजा आणि दवाखाना गाठा.

त्वचेचा रंगही आड येतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली निघालेले रुग्ण कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. गडद त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, ही दिशा लक्षात ठेवा. त्वचा सावळी किंवा काळी असेल आणि दम लागत असेल तर ९३-९४ ला ‘ठीक आहे’ म्हणू नका. बरं असताना आपला नेहमीचा आकडा किती येतो हे एका वहीत लिहून ठेवलं, तर आजारपणात तुलना करायला तोच सर्वांत उपयोगी पडतो.

यंत्र नीट चालू असताना होणारी चूक

आतापर्यंतच्या चुका बोटातल्या होत्या आणि नाडी जुळवून त्या बऱ्याचशा पकडता येतात. पुढची चूक रक्तातली आहे. तिथे नाडी जुळते, लाट स्वच्छ असते आणि आकडा ९८ असतो.

कर्वेनगरमधलं एक घर डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरातली सकाळ, बाहेर कडाक्याची थंडी. लहानसं न्हाणीघर, आत गॅस गिझर. गारवा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला. सून बराच वेळ आंघोळ करते, बाहेर येताना डोकं ठणकत असतं, मळमळतं, दारातच पाय लटपटतात. नवरा ऑक्सिमीटर आणतो. ‘आई, अठ्ठ्याण्णव दाखवतंय की. नाडी तेवढी ११८ आहे.’ सासूबाई म्हणतात, ‘मग पित्तच झालं असेल. आलेपाक दे आणि झोपू दे तिला.’

असं झोपू दिलं तर ती उठेलच याची खात्री नाही. कोंडलेल्या जागेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आणि त्याने व्यापलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच लालभडक दिसतं. दोनच दिवे असलेल्या यंत्राला हा फरक कळणं शक्यच नाही.

स्वारगेटहून सुटणारी पीएमपीची बस घ्या. बस म्हणजे हिमोग्लोबिन, सीटवरचे प्रवासी म्हणजे ऑक्सिजन. ऑक्सिमीटर फक्त सीट भरल्या आहेत का ते पाहतो, त्यांवर कोण बसलंय ते पाहत नाही. आपल्या उदाहरणातल्या सुनेचं हिमोग्लोबिन १४, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम, आहे असं धरू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं, म्हणजे एरवी तिच्या १०० मिलिलिटर रक्तात साडेअठराच्या आसपास मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ३० टक्के सीट कार्बन मोनॉक्साइडने अडवल्या की तो १३ च्या आसपास येतो. शिवाय उरलेलं हिमोग्लोबिनही आपला ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवतं, तो मेंदूला आणि हृदयाला सहजी सोडत नाही. स्क्रीनवर मात्र ९८.

मग ओळखायचं कशावरून? प्रसंगावरून. गॅस गिझर, बंद खोलीत पेटवलेली शेगडी, बंद जागेत चालू असलेला जनरेटर किंवा गाडी, यांपैकी काही जवळ असेल आणि डोकेदुखी, मळमळ, गुंगी, गोंधळ, चक्कर यांतलं काही असेल, तर ऑक्सिमीटर बाजूला ठेवा. घरातल्या दोघातिघांचं एकदमच डोकं दुखत असेल तर शंका आणखी पक्की. कातडी गुलाबी-लाल होण्याची वाट पाहू नका. ते फार थोड्यांत दिसतं आणि तेही उशिरा.

आधी दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा. आतमध्ये कुणी बेशुद्ध पडलं असेल तर श्वास रोखून पटकन बाहेर ओढा, आत थांबून शुद्धीवर आणत बसू नका. १०८ ला फोन करा आणि ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य आधी सांगा. हॉस्पिटलमध्येही तेच सांगा, कारण तिथेही सगळ्यात आधी बोटाला तसलाच चिमटा लागतो. तिथे लागणारी तपासणी म्हणजे को-ऑक्सिमीटरवर रक्तातलं कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, मोजणं. ‘ती तपासणी होणार आहे का?’ असं नम्रपणे पण स्पष्ट विचारा. साध्या ब्लड गॅस यंत्रावर ऑक्सिजनचा टक्का गणिताने काढलेला असतो आणि तोही चांगला दिसू शकतो. उपचार म्हणजे मास्कने भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पूर्ण ऑक्सिजनवर एक ते दीड तास. बाई गरोदर असेल तर तेही लगेच सांगा. बाळाला धोका जास्त असतो आणि आईला बरं वाटू लागलं तरी उपचार लांबवावे लागतात.

गिझर शक्यतो न्हाणीघराच्या बाहेर बसवा. आतच असेल तर झरोका कधीही बुजवू नका, बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा.

आकडा बरोबर, पण अपुरा

दोन परिस्थितींत यंत्र चुकत नाही, तरी आपली दिशाभूल होते. पहिली रक्ताच्या कमतरतेची. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचाही ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, कारण आहेत त्या सीट भरलेल्या असतात. बसच निम्म्या आहेत, हे त्याला दिसत नाही. तिला जिना चढताना दम लागत असेल तर तपासणी हिमोग्लोबिनची करायला हवी.

दुसरी घरी ऑक्सिजन लावलेल्या जुन्या दम्याच्या किंवा सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णाची. चिमट्याला कार्बन डायऑक्साइड अजिबात कळत नाही. अशा रुग्णांपैकी अनेकांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य देतात, कारण जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. आजोबांचा आकडा ९७ आला म्हणून घरचे खूश होतात, आणि आजोबा मात्र सकाळी डोकं दुखतं म्हणतात, दिवसभर पेंगतात, हाक मारली तर उशिरा ओ देतात. असं दिसलं तर स्वतःच्या मनाने नळी काढू नका. ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर चालू आहे ते पाहा आणि तोच आकडा हातात घेऊन लगेच डॉक्टरांना फोन करा.