जाहिरातीनंतर ब्रँडची ओळख वाढली म्हणताय? ट्रॅकिंग सर्व्हेमधल्या या चुका टाळा

कॅम्पेन संपलं की पंधरा दिवसांत प्रेझेंटेशन येतं, त्यात एक हिरवा बाण असतो, अवेअरनेस १८ वरून २२ टक्के, आणि मीटिंगमध्ये सगळे खूश. पण त्या चार पॉइंटात जाहिरातीचा वाटा किती आणि सर्व्हेच्या गडबडीचा किती, हे कोणी विचारतच नाही, आणि मग पुढच्या वर्षाचं बजेट त्याच आकड्यावर ठरतं. म्हणून एक उदाहरण नीट सोडवून बघू.

समजा कोल्हापूरचा एक मसाल्याचा ब्रँड आहे. घरच्या गावात बऱ्यापैकी माहीत, कोल्हापुरात १०० पैकी ३० जण न सुचवता नाव घेतात, पुण्यात मात्र फक्त ६. पहिल्या वेव्हला, म्हणजे जाहिरातीआधीच्या सर्व्हेच्या फेरीला, दोन्ही शहरांत दीडशे-दीडशे लोक घेतले, म्हणजे ४५ आणि ९ मिळून ५४, एकूण ३०० मध्ये १८ टक्के. मग जाहिरात झाली. दुसऱ्या वेव्हला पुण्यात सोसायट्यांमध्ये वॉचमन आत सोडेनात, कोटा भरेना, म्हणून एजन्सीने कोल्हापुरात २०० आणि पुण्यात १०० करून ३०० चा आकडा पूर्ण केला. आता दोन्ही शहरांत कोणाचंही काहीही बदललेलं नाही असं धरा, तरी कोल्हापूरचे ६० आणि पुण्याचे ६ मिळून ६६, म्हणजे २२ टक्के! झाली की चार पॉइंटची वाढ, एकाही माणसाला ब्रँड नव्याने माहीत न होता.

त्यामुळे रिपोर्ट आला की आधी बेसचं टेबल मागा, म्हणजे कुठल्या गटातले किती लोक विचारले त्याचा तक्ता. दोन्ही वेव्हमध्ये शहर, वय, बाई-पुरुष आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपला मसाला वापरणारे किती, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. शहराचं प्रमाण हललं असेल तर वेटिंग करून, म्हणजे प्रत्येक गटाला ठरलेलं वजन देऊन, दोन्ही वेव्ह सारख्या करायच्या, इथे दोन्ही शहरांना निम्मं-निम्मं वजन दिलं की २२ चे परत १८ होतात. वापरणाऱ्यांचं प्रमाण हललं असेल तर मात्र वेटिंग करायची घाई नको, कारण कदाचित जाहिरातीमुळेच खरेदी वाढली असेल, तेव्हा आधी विचारा की ते गिऱ्हाईक कधीपासूनचे आहेत.

समजा सॅम्पल अगदी चोख आहे आणि आकडा १८ वरून २३ झाला. तरी थांबा. प्रत्येक वेव्हला ३०० लोक असतील तर दोन वेव्हमधला फरक साधारण साडेसहा पॉइंटपर्यंत नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, नेहमीच्या ९५ टक्के खात्रीच्या हिशोबाने. म्हणजे पाच पॉइंटला वाढ म्हणता येत नाही, ‘वाढली असावी, पण सांगता येत नाही’ एवढंच. ६०० लोक घेतले तर हीच मर्यादा साडेचारच्या आसपास येते. आणि मग कोणीतरी त्यातून ‘२५ ते ३५ वयाच्या बायका’ असा तुकडा काढतं, तिथे जेमतेम ७५ जणी असतात आणि मर्यादा जाते जवळपास १३ पॉइंटवर, आणि नेमकी त्याच तुकड्यावर हेडलाइन बनते. हे फार बघायला मिळतं आणि फार नुकसान करतं.

आता प्रश्नांचा क्रम. आधी न सुचवता: ‘मसाला म्हटलं की कुठकुठले ब्रँड आठवतात?’ त्यात पहिलं आलेलं नाव म्हणजे टॉप ऑफ माइंड, बाकी सगळी धरून स्पॉन्टेनियस. मग यादी दाखवून, म्हणजे एडेड. जाहिरातीचे प्रश्न त्याच्याही नंतर. कॅम्पेननंतरच्या वेव्हमध्ये हमखास काय होतं, तर मार्केटिंगवाल्यांना जाहिरातीचं कळायची घाई असते, म्हणून ‘हल्ली मसाल्याची कुठली जाहिरात पाहिलीत?’ हा प्रश्न वर सरकवला जातो. लोकांच्या डोक्यात जाहिरातीवाले ब्रँड जागे होतात आणि पुढच्या प्रश्नात तेच बाहेर पडतात. ‘मसाला’ या शब्दाऐवजी दुसऱ्या वेव्हला ‘कांदा-लसूण मसाला’ लिहिलं तरी तेच, कोल्हापूरच्या ब्रँडचा आकडा आपोआप वर जाणार, कारण प्रश्नच बदलला. फिल्डवरच्या मुलीने ‘आम्ही अमुक मसालेवाल्यांकडून आलोय’ असं दारातच सांगितलं तर मग तो फॉर्म टाकूनच द्या.

एडेडच्या यादीत नावांची उलटापालट करायचीच, पण त्यात एक खोटं नावही घाला, ऐकायला खरं वाटेल पण बाजारात नाही असं (आधी नीट शोधून खात्री करा). पहिल्या वेव्हला ४ टक्के लोक ‘हो, ऐकलंय’ म्हणाले आणि दुसऱ्या वेव्हला ११, तर लोक कंटाळून सगळ्याला हो म्हणतायत किंवा फॉर्म भराभर उरकलेत, आणि तुमच्या ब्रँडच्या एडेडमधली वाढही तितकीच संशयास्पद.

सगळ्यात फसवी चूक पुढे आहे. ‘जाहिरात आठवणाऱ्यांमध्ये अवेअरनेस ४० टक्के, न आठवणाऱ्यांमध्ये १२, म्हणजे जाहिरातीने २८ पॉइंट दिले.’ नाही हो! जो आधीच तो मसाला वापरतो त्याचं लक्ष त्या जाहिरातीकडे जास्त जातं आणि ती लक्षातही राहते, म्हणजे कारण आणि परिणाम उलटे धरले जातायत. शिवाय ‘जाहिरात पाहिली’ म्हणणाऱ्यांत काहींनी मोठ्या ब्रँडची पाहिलेली असते. हे तपासायला जाहिरातीतून नाव आणि पाकीट झाकून दाखवा आणि विचारा, ही कोणाची? अर्धे लोक मार्केट लीडरचं नाव घेत असतील तर तुमच्या पैशाने त्याचा प्रचार चाललाय.

मग जाहिरातीचा परिणाम काढायचा कसा, तर एक शहर कोरडं ठेवून. टीव्हीच्या मराठी चॅनलवर हे जमत नाही कारण तो सगळीकडे दिसतो, पण एफएम, पेपरच्या शहर आवृत्त्या, होर्डिंग, लोकल केबल यात जमतं. समजा पुण्यात जाहिरात केली, नाशिकमध्ये नाही, दोन्हीकडे प्रत्येक वेव्हला ६०० लोक. पुणे ६ वरून १५, नाशिक ७ वरून १०. नाशिकमध्ये जाहिरात नसताना तीन पॉइंट कुठून आले? महिने बघा. पहिली वेव्ह जानेवारीत आणि दुसरी मे मध्ये असेल, तर उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा मसाला करायची गडबड असते, डोक्यात मसालाच मसाला, सगळ्याच ब्रँडची नावं जास्त निघतात. प्रतिस्पर्ध्यांचे आकडेही काढा, तेही चढलेले दिसतील. म्हणजे पुण्याच्या ९ मधून ते ३ वजा, जाहिरातीचे राहिले ६. इथे चार आकडे गुंतलेत म्हणून योगायोगाची मर्यादाही मोठी धरायची, ६०० ला साधारण पावणेपाच. ६ त्याच्या वर आहे, तेव्हा हा फरक खरा मानायला हरकत नाही. हेच ३०० मध्ये केलं असतं तर मर्यादा साडेसहाच्या पुढे गेली असती आणि खरा परिणाम असूनही हाती काही लागलं नसतं.

एकच गोष्ट अजून, दुसऱ्या वेव्हला तीच माणसं परत पकडू नका. ज्याला एकदा यादी वाचून दाखवली त्याला तो ब्रँड सर्व्हेनेच शिकवलेला असतो. आणि जाहिरात थांबल्यावर दोनेक महिन्यांनी तिसरी वेव्ह घ्या, पुण्यात आणि नाशिकमध्येही, नवीन लोक घेऊन, प्रश्न आणि क्रम तोच ठेवून, म्हणजे त्या ६ मधले किती टिकले ते कळेल.